वॉर्डन मॅडमना पाठवलेला दुसरा मेसेज

पहिला मेसेज मी रात्री अकरा वाजता पाठवला होता. त्या दिवशी प्रॅक्टिकल लांबलं आणि मी मेसमध्ये पोचले तेव्हा पावणेनऊ वाजून गेले होते. ताटात पडलेली चपाती दोन्ही हातांनी धरून ओढली तरी तुटेना. शेजारची म्हणाली, "चप्पल शिवायला दे." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि खोलीत जाऊन चपातीच्या फोटोसकट लिहून टाकलं: मेसचं जेवण खाण्याच्या लायकीचं नाही, चपात्या वातड, आमटी म्हणजे पिवळं पाणी, भाज्या रोज त्याच, मुली त्रासल्यात, लवकरात लवकर कारवाई करा.

सकाळी मॅडमचं उत्तर आलं. "नोंद घेतली. मी रोज स्वतः चव घेते. चपाती व्यवस्थित असते."

मला वाटलं, खोटं बोलतायत. मेस कमिटीतल्या आम्हा पाचजणींचं त्यावर एकमत झालं आणि दोन दिवस त्याच विषयावर गेले. खरं तर मॅडम अगदी खरं बोलत होत्या, पण ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले.

आमचं हॉस्टेल कोल्हापुरात, मुलींचं, एकशेचाळीसजणी. कोल्हापूरला हॉस्टेल ही काही नवी गोष्ट नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळानं १९०१ साली इथं मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग सुरू झालं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. आजही दसरा चौकातून चालत गेलं की त्यातल्या काहींच्या पाट्या दिसतात. म्हणजे सव्वाशे वर्षं या गावात परगावची पोरं जेवतायत आणि बहुतेक सव्वाशे वर्षं आमटीला नावं ठेवतायत. आमच्यात गडहिंग्लज, चंदगडच्या मुली आहेत, मी त्यातलीच. कणकवली, वैभववाडीच्या आहेत, लातूरच्या आहेत, थोड्या नागपूरकडच्याही. एकीला जे तिखट वाटतं ते दुसरीला अळणी लागतं. हे सगळं एका पातेल्यात कसं बसवायचं, हाच मेसचा मूळ प्रश्न.

आधी आम्ही सगळ्या कमिट्या करतात तेच केलं. फॉर्म वाटले. "मेसच्या जेवणाबद्दल तुमचं मत" आणि खाली मोकळी जागा. ब्याण्णव फॉर्म परत आले. एकसष्ट जणींनी पनीर मागितलं होतं. त्याखालोखाल नूडल्स, मग "चपात्या सुधारा", मग "आमटी घट्ट करा", मग रविवारचं चिकन बुधवारीही. एकीनं नुसतं "घरी जायचंय" लिहिलं होतं.

ही यादी तशीच मॅडमकडे न्यायची, असं ठरलंही होतं. अडवलं ते आमच्यातल्या बी.एस्सी.वाल्या मुलीनं. तिचं म्हणणं, आपण लोकांना काय हवं ते विचारलं, त्यांनी स्वप्न सांगितलं. पण जेवताना लोक काय टाकतात ते आपल्याला माहीतच नाही. फॉर्मात कुणीही दुधीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता, आणि मंगळवारी दुधी असला की खरकट्याची बादली काठोकाठ भरते, हे भांडी घासणाऱ्या काकूंना विचारलं तर त्या झोपेतही सांगतील.

म्हणून आम्ही बादली तोलायची ठरवली. मावशीच्या दुकानातून ताणकाटा आणला, तो मागच्या दाराच्या कडीला अडकवला. आधी रिकामी बादली तोलली, सव्वा किलो भरली, तेवढं दर वेळी वजा करायचं. दोन बादल्या ठेवल्या. कोरड्या बादलीत चपाती, ओल्या बादलीत भात, भाजी, आमटी. कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा आणि चिकनची हाडं वेगळ्या ताटलीत काढायची, कारण ती कुणीच खात नाही आणि उगाच वजन फुगवतात. पातेल्यात उरलेलं अन्न वेगळं तोलायचं. हा फरक मला फार उशिरा समजला, पण सगळ्या हिशोबाचं मूळ त्यातच आहे. पातेल्यात उरलं तर माणसांचा अंदाज चुकला. ताटात टाकलं तर जेवण चुकलं. दोन्ही एकाच बादलीत गेलं की काहीच कळत नाही.

पातेल्यातल्या उरल्याचा उलगडा दोन दिवसांत झाला. शनिवारी पस्तीसएक मुली गावाला जातात आणि स्वयंपाक मात्र एकशेचाळीसचाच होतो. शुक्रवारी रात्री फळ्यावर "उद्या घरी" अशी यादी लावायला लागलो, तो प्रश्न मिटला.

ताटातल्याचं प्रकरण मात्र चमत्कारिक निघालं. पहिल्या तीन दिवसांत आकडे इतके कमी आले की मला आमचीच लाज वाटायला लागली. चौथ्या दिवशी हात धुवायचं बेसिन तुंबलं. मेसच्या मामांनी पाईप उघडला तर आत भात आणि चपातीचे तुकडे. आम्ही काटा घेऊन बादलीशेजारी उभ्या राहायचो ना, मुली आमच्यासमोर टाकायला लाजायच्या आणि बेसिनमध्ये सोडून द्यायच्या. ते तीन दिवस फाडून टाकले आणि नव्यानं सुरुवात केली. या वेळी कुणीही उभं राहायचं नाही, पंगत उठली की बादली मागे न्यायची आणि तिकडं तोलायची. पंगत म्हणजे आमच्या दोन पाळ्या: साडेसातची, तीत ऐंशीजणी, आणि साडेआठनंतरची, प्रॅक्टिकल, क्लास, लायब्ररी करून येणाऱ्या साठजणी. बादल्या पाळीनुसार वेगळ्या तोलायची कल्पनाही बी.एस्सी.वालीचीच. मी तेव्हा कुरकुरले होते, दुप्पट काम म्हणून.

सात रात्रींची सरासरी अशी आली. ताटातून टाकलेलं एकूण अकरा किलो. त्यातली चपाती साडेतीन किलो. आणि त्या साडेतीन किलोतली पहिल्या पाळीची फक्त आठशे ग्रॅम. उरलेली दोन किलो सातशे दुसऱ्या पाळीची. आमची भाजलेली चपाती साधारण चाळीस ग्रॅम भरते. म्हणजे उशिरा जेवणाऱ्या साठजणी मिळून रोज पासष्ट-सत्तर चपात्या टाकत होत्या. प्रत्येकीची एक तरी.

मग डोक्यात प्रकाश पडला. मॅडम चव घेतात ती साडेसातला. त्यांना मिळते ती चपाती खरंच चांगली असते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून संध्याकाळी स्वयंपाकघरात बसले. चपातीच्या तीन काकू पाचला सुरुवात करायच्या. दोघी लाटायच्या, एक मोठ्या तव्यावर एका वेळी सात-आठ भाजायची. चौदा किलो पिठाच्या चारशेवीस चपात्या सातपर्यंत उरकायच्या. तव्यावरून उतरलेली गरम चपाती थेट स्टीलच्या डब्यात, एकीवर एक, वर झाकण. वाफ झाकणाला लागायची, थेंब होऊन खाली पडायची. तळातल्या चपात्या ओल्या होऊन चिकटायच्या, वरच्या, झाकण सारखं उघडल्यानं, वाऱ्यानं कडक व्हायच्या. पावणेनऊला त्यांचं वय कमीत कमी पावणेदोन तास झालेलं असायचं. पिठात किंवा काकूंच्या हातात दोष नव्हता. हे मला आधी कळलं असतं तर तो पहिला मेसेज मी केलाच नसता, कारण तो शेवटी त्यांच्यावरच जाऊन आदळणारा होता.

"मग काकू, थोड्या चपात्या आठनंतर करता येतील काय?" मी विचारलं.

"करतो की बाळ," भाजणाऱ्या काकू म्हणाल्या. आमच्याकडं बायका असंच बोलतात, करतो, जातो. "पर पावणेनवाची केएमटी चुकली तर मी गावाला चालत जातो काय? आनि सकाळी सहाला परत येतो?"

जेवणाच्या तक्रारीत बसचं वेळापत्रक येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तेच खरं बंधन होतं. काकूंना साडेआठच्या आत दाराबाहेर पडायलाच हवं. त्या तिघींशी आणि भाजी-आमटी करणाऱ्या मामांशी बोलून आम्ही वेळ मागे-पुढे करून पाहिली. पाचऐवजी सव्वासहाला तवा ठेवायचा. साडेसातपर्यंत अडीचशे होतात, पहिल्या पाळीतल्या ऐंशीजणींना तीन-तीनप्रमाणे तेवढ्या पुरतात. बाकीच्या साडेसात ते सव्वाआठ. दुसऱ्या पाळीला मिळणारी चपाती मग फार तर सव्वा तासाची. पाच ते सव्वासहा काकूंनी काय करायचं? तर कणीक भिजवायची, भाजी चिरायची आणि दुपारची भांडी आवरायची, जी आधी सातनंतर व्हायची. मामांनी एकच अट घातली: मोठी शेगडी एकच आहे, सव्वासहाच्या आत आमटी उतरलेली पाहिजे. आणि डब्याच्या जागी वेताच्या बुट्ट्या, आत सुती धडपं, आणि चपाती रचण्याआधी क्षणभर पसरून वाफ जाऊ द्यायची. काकू म्हणाल्या, घरी तशीच करतो की आम्ही. मग इथं का नाही? तर इथं डबे दिलेत.

आमटीचं कोडं कोठीच्या वहीत सुटलं. वही मॅडमच्या परवानगीनं बघायला मिळाली. रात्रीच्या आमटीला तूरडाळ तीन किलो. भागिले एकशेचाळीस, म्हणजे माणशी एकवीस ग्रॅम. एवढीशी डाळ दोन वाट्यांत पसरायची, ती पातळ होणारच. पातळ आहे का हे ओळखायला चव लागत नाही. ताट किंचित तिरकं करून एक चमचा आमटी ओतायची. पाणी पुढं पळालं आणि डाळ मागं राहिली की समजायचं. राष्ट्रीय पोषण संस्था प्रथिनं वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम सांगते. पन्नास किलोच्या मुलीला साधारण चाळीस-बेचाळीस ग्रॅम. एकवीस ग्रॅम डाळीतून पाचच्या आतबाहेर मिळतात. दूध आणि अंडं आमच्याकडं रोज नसतं, त्यामुळं ही वाटी महत्त्वाची.

"डाळ वाढवा" म्हणणं सोपं आहे. पण मेस ठेक्यावर, माणशी महिन्याचा दर ठरलेला, तूरडाळ महाग. ठेकेदार काका नाही म्हणणार, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही नाही म्हणाले असते. म्हणून आम्ही ओल्या बादलीकडं परत गेलो. मंगळवारी दुधी, गुरुवारी पाणचट फ्लॉवर-बटाटा. त्या दोन रात्री ओली बादली नऊ किलोच्या वर, इतर दिवशी सहा-सात. कुणी खात नाही ती चौदा किलो भाजी त्या दिवशी आणायचीच कशाला? त्याऐवजी त्या दोन रात्री आमटी आणि भाजी दोन्हीला सुट्टी द्यायची आणि पोटभर उसळ करायची. अख्खा मसूर तुरीपेक्षा स्वस्त पडतो आणि आमच्या भागात तो ढाब्यावर पैसे मोजून खातात, तेव्हा मुली नाक मुरडणार नाहीत. माणशी पस्तीस ग्रॅम कोरडं, म्हणजे पाच किलो. सोबत काकडी-मुळ्याची कोशिंबीर, म्हणजे भाजीची उणीव थोडी भरेल. दोन दिवसांची सहा किलो तूर वाचते, त्यातली दोन किलो रविवार सोडून उरलेल्या चार रात्रींत वाटली की तिथं तीनाऐवजी साडेतीन किलो पडते.

उरलं तिखट. इथं कोल्हापूर कामाला आलं. मिसळीच्या दुकानात काय करतात? उसळ सौम्य, कट वेगळा, ज्याला हवा त्यानं वरून घ्यायचा. तसंच करायचं. उसळ कमी तिखट, कांदा-लसूण चटणीचा लालभडक कट छोट्या पातेल्यात वेगळा. मामांना आधी हा अपमान वाटला. "मी केलेली उसळ अळणी वाढायची?" मग त्यांनीच सांगितलं की असं केलं तर तेलही कमी लागतं, कारण तवंग पाच किलोच्या पातेल्यावर आणण्यापेक्षा दोन लिटरच्या कटावर आणणं स्वस्त.

आता मेसेज. पहिल्या मेसेजला चार मिनिटं लागली होती, याला चार संध्याकाळी गेल्या. पहिला मसुदा अडीच पानांचा झाला, त्यात पनीर, नूडल्स, बुधवारचं चिकन, सकाळचे वाळके पोहे, सगळं. सगळं मागितलं की मॅडम त्यातलं सगळ्यात सोपं देणार आणि विषय संपवणार, हे आमच्यातल्या सीनियर ताईनं आधीच्या कमिटीत पाहिलं होतं. म्हणून तीनच गोष्टी ठेवल्या. एका वाक्यावर आमचं भांडण झालं. "तुम्ही चव घेता ती साडेसातची असते" हे लिहायचं कसं? सरळ लिहिलं तर टोमणा वाटतो, न लिहिलं तर मुद्दाच जातो. शेवटी पाठवलं ते असं:

"आदरणीय मॅडम, नमस्कार. मागच्या महिन्यात मी रागाच्या भरात मेसेज केला होता, त्याबद्दल क्षमस्व. त्यानंतर कमिटीनं ९२ मुलींचे फॉर्म घेतले आणि सात रात्री ताटात टाकलेलं अन्न तोललं. तक्ता सोबत जोडला आहे.

चपातीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. साडेसातच्या पाळीत ती चांगलीच असते आणि फारशी वाया जात नाही. साडेआठनंतरच्या ६० मुली मात्र रोज पावणेतीन किलोच्या आसपास चपाती टाकतात, कारण ती तोपर्यंत दोन तासांची झालेली असते. काकूंची वेळ सव्वा तास पुढं नेली आणि डब्याऐवजी कापड घातलेल्या बुट्ट्या वापरल्या तर हे टळेल असं वाटतं. काकूंशी बोललो आहोत. त्या साडेआठच्या आत निघू शकल्या तर त्यांची हरकत नाही.

दुसरं, मंगळवार आणि गुरुवारी भाजी-आमटीऐवजी कडधान्याची उसळ व कोशिंबीर. या दोन दिवशीच भाजी सर्वांत जास्त टाकली जाते. यातून वाचणाऱ्या तुरीतली दोन किलो बाकीच्या चार दिवसांच्या आमटीत घालावी. ठरलेल्या दरात हे बसेल असा आमचा अंदाज आहे, हिशोब तक्त्यात आहे, काकांनी तो तपासावा.

तिसरं, उसळ सौम्य आणि कट वेगळा.

हे फक्त चार आठवडे करून पाहावं ही विनंती. आम्ही तोलणं चालू ठेवू. फरक पडला नाही तर आम्ही स्वतःच जुना मेनू परत मागू. शक्य असल्यास एकदा पावणेनऊला आमच्यासोबत जेवायला यावं."

शेवटचं वाक्य ताईचं. टोमणा काढून आमंत्रण केलं तिनं.

मॅडम बोलावतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. त्या न सांगताच आल्या, गुरुवारी, आठ पन्नासला. रांगेत उभ्या राहिल्या, ताट घेतलं. चपाती एका हातानं तोडायला गेल्या, मग दुसरा हात लावला. काही बोलल्या नाहीत. पूर्ण खाल्ली मात्र, टाकली नाही.

शनिवारी बैठक झाली, ठेकेदार काकाही होते. त्यांनी हिशोब नीट पाहिला आणि एक गोष्ट बोलले जी आमच्या तक्त्यात कुठंच नव्हती. "पोरींनो, चपाती चांगली झाली की तुम्ही जास्त खाणार. टाकताय त्या चपातीचे पैसे माझे गेलेत, ते गेलेत. पण चौथी मागाल तिचे पैसे कोण देणार?" मला तेव्हा हे फार क्षुद्र वाटलं. नंतर पटलं, कारण ठरलेल्या दरात वाढणाऱ्या माणसाचं गणितच तसं आहे. वाईट चपाती त्याला स्वस्त पडते. मॅडमनी मधला मार्ग काढला: चार आठवडे पिठाचा हिशोब रोज लिहायचा, वाढलं तर भाजीच्या वाचलेल्या पैशांतून वळतं करायचं, त्यातूनही बसलं नाही तर पुन्हा बसायचं. कटाला लगेच हो. बुट्ट्या आणि धडपी हॉस्टेलच्या खर्चातून, मात्र धडपी रोज उकळत्या पाण्यातून काढायची आणि ते कमिटीनं बघायचं.

पहिला मंगळवार झकास गेला. मसूर पातेल्याच्या तळापर्यंत संपला. कट तर पहिल्याच पाळीत संपला, गडहिंग्लजकडच्या मुली तो आमटीसारखा वाटीनं पीत होत्या.

पहिला गुरुवार माझ्यामुळं बुडाला. गुरुवारी कुठलं कडधान्य, हे माझ्यावर सोपवलं होतं आणि मी हुलगे लिहिले. आमच्या घरी आजी हुलग्याचं माडगं करते, पावसाळ्यात आम्ही ते भांडून पितो. त्या भरात मी विसरले की हुलगा रात्रभर भिजवून, मोड आणून मगच उसळीला घ्यायचा असतो, आणि इतकं करूनही तो पहिल्यांदा खाणाऱ्याला उग्र लागतो. मामांना मी निरोप दिला गुरुवारी सकाळी. जेमतेम आठ तास भिजले, मोड नाहीतच. शिजवताना लवकर मऊ व्हावेत म्हणून कुणीतरी चिमूटभर सोडा सुचवला, मामांनी घातला नाही हे बरं, सोड्यानं कडधान्यातलं ब जीवनसत्त्व जातं आणि साबणासारखी चव येते. पण साल दाताखाली कचकच करत राहिली. ओली बादली चौदा किलो भरली. सातही रात्रींच्या तक्त्यात इतकी कधीच भरली नव्हती. नागपूरच्या मैत्रिणीनं मला खोलीत येऊन विचारलं, "तू हे बैलांना घालतेस ना गं गावाकडं?" खरं तर घालतातच.

पुढच्या गुरुवारपासून मटकी. मंगळवारी रात्री पाच किलो भिजत घालायची, बुधवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, गुरुवारी दुपारपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड. मोड आलेली मटकी दुप्पटीहून जास्त भरते, त्यामुळं पातेलं मोठं लागतं, हे पहिल्या वेळी उतू गेल्यावर कळलं.

चार आठवड्यांनी दुसऱ्या पाळीची कोरडी बादली नऊशे ग्रॅमवर आली. मंगळवार-गुरुवारची ओली पाच किलोच्या आसपास. आणि काकांचं भाकीतही खरं ठरलं: पीठ चौदाचं पंधरा किलो लागायला लागलं. दोन दिवसांच्या भाजीच्या पैशांत ते भागलं, काठावर भागलं. टोमॅटो-कांद्याचे भाव चढले की काय होईल, यावर बैठकीत कुणी बोललं नाही. शनिवारी काकू गावाकडच्या बाजारासाठी लवकर जातात, त्या दिवशी चपात्या अजून जुन्याच वेळेला होतात आणि अजून वातडच असतात. सकाळच्या पोह्यांना आम्ही हात लावलेला नाही.

मॅडमनी चव घ्यायच्या रजिस्टरमध्ये वेळेचा नवा रकाना आखला. एक दिवस ७.३०, एक दिवस ८.४५, अशा आलटून पालटून सह्या आहेत.

महिन्याअखेर फॉर्मची पेटी पुन्हा उघडली. या वेळी अठ्ठेचाळीस फॉर्म. चपातीचा उल्लेख दोघींचा, दोन्ही शनिवारबद्दल. बत्तीस जणींनी पनीर मागितलं. आणि एकीनं मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा ओढून: "हुलगे परत नकोत."